बूलची असमानता आणि सार्थकता चाचण्यांची बेरीज : एक चिकित्सा

प्रस्तावना :
सामाजिक शास्त्रे, शिक्षणशास्त्र व वाणिज्य या शाखांतील संशोधनात एकाच प्रश्नावलीवर अनेक सार्थकता चाचण्या घेण्याची पद्धत रूढ आहे. अशा वेळी ‘बॉनफेरोनी दुरुस्ती’चा उल्लेख केला जातो, परंतु तिच्या मुळाशी असलेले गणित बहुधा गृहीत धरले जाते आणि त्यामुळे तिच्याविषयी काही गैरसमज दृढ झाले आहेत. प्रस्तुत लेखात त्यांपैकी दोन गैरसमजांची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

असमानतेचे स्वरूप :
जॉर्ज बूल (1815–1864) यांच्या नावाने ओळखली जाणारी ही असमानता सांगते की, अनेक घटनांपैकी किमान एक घडण्याची संभाव्यता त्या घटनांच्या स्वतंत्रपणे काढलेल्या संभाव्यतांच्या बेरजेपेक्षा अधिक असू शकत नाही. दोन घटनांसाठी

P(A∪B) = P(A) + P(B) − P(A∩B)

हे सूत्र सर्वपरिचित आहे. दोन्ही घटना एकदम घडण्याचा भाग बेरजेत दोनदा मोजला जातो, म्हणून तो एकदा वजा करावा लागतो. वजा होणारी राशी ऋण असू शकत नाही. म्हणून ती सोडून दिली तर उरलेली बेरीज ही वरची मर्यादा ठरते. हाच युक्तिवाद एकेक घटना वाढवीत कितीही घटनांना लागू होतो. इटालियन गणिती कार्लो बॉनफेरोनी यांनी 1936 मध्ये या मर्यादेच्या जोडीला खालच्या मर्यादाही दिल्या.

पहिला गैरसमज : स्वातंत्र्याची अट
ही दुरुस्ती चाचण्या परस्पर स्वतंत्र असतील तरच वैध ठरते, असे विधान अनेकदा आढळते. वरील सिद्धतेत स्वातंत्र्याचा कोठेही उपयोग केलेला नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या विधानातील चूक स्पष्ट होते.

समजा, एका संशोधकाने विद्यार्थ्यांच्या दोन गटांची 20 विधानांवर तुलना केली आणि सर्व शून्य परिकल्पना वस्तुतः खऱ्या आहेत. प्रत्येक चाचणी 0.05 पातळीवर घेतल्यास बेरीज 1 येते, म्हणजे मर्यादा काहीच सांगत नाही. चाचण्या स्वतंत्र असतील तर किमान एक खोटा ‘सार्थक’ निष्कर्ष मिळण्याची संभाव्यता सुमारे 0.64 असते. आता प्रत्येक चाचणीची पातळी 0.05/20, म्हणजे 0.0025 केली, तर बेरीज 0.05 होते. स्वातंत्र्य असल्यास प्रत्यक्ष संभाव्यता सुमारे 0.0488 आहे, म्हणजे मर्यादा जवळजवळ अचूक आहे. याउलट वीसही विधाने एकाच गोष्टीचे पुनरुच्चारण असतील, तर प्रत्यक्ष संभाव्यता केवळ 0.0025 राहते. तात्पर्य, परस्परसंबंधामुळे दुरुस्ती अवैध होत नाही. ती अनावश्यक कडक होऊ शकते आणि खरा फरक हातून निसटण्याचा धोका वाढतो.

हा कडकपणा काही अंशी कमी करता येतो. होल्म यांनी 1979 मध्ये मांडलेल्या रीतीत p-मूल्ये चढत्या क्रमाने लावून पहिल्याची तुलना 0.05/20 शी, दुसऱ्याची 0.05/19 शी, याप्रमाणे केली जाते व पहिल्या अपयशाशी थांबले जाते. सर्वांत लहान मूल्य 0.001 व त्यानंतरचे 0.0026 असेल, तर बॉनफेरोनी दुसरे नाकारतो, होल्म स्वीकारतो. या रीतीसही स्वातंत्र्याची अट नाही.

दुसरा गैरसमज : भाजक कोणता?
भाजक म्हणून प्रबंधात छापलेल्या चाचण्यांची संख्या घेणे ही अधिक गंभीर चूक होय. बेरजेत केलेली प्रत्येक चाचणी येते, मग ती तक्त्यात असो वा नसो. वीस चाचण्या करून ‘उल्लेखनीय’ अशा चारच दाखविल्या व 0.05/4 ही पातळी वापरली, तर बेरीज 0.05 न राहता 0.25 होते.

याचे बोलके उदाहरण 2009 मध्ये क्रेग बेनेट व सहकाऱ्यांनी दिले. मृत सामन माशाला माणसांची छायाचित्रे ‘दाखवून’ त्याच्या मेंदूचे चुंबकीय प्रतिमांकन करण्यात आले. 8064 सूक्ष्म घनांची 0.001 पातळीवर तपासणी केली असता 16 घन ‘सक्रिय’ आढळले. संभाव्यतांची बेरीज ही घडणाऱ्या घटनांची अपेक्षित संख्याही असते. येथे ती सुमारे 8 आहे. म्हणजे केवळ योगायोगाने काही घन उजळणे अपेक्षितच होते. दुरुस्तीनंतर एकही घन सक्रिय उरला नाही.

निष्कर्ष :
बूलची मर्यादा चाचण्यांमधील संबंधाविषयी काहीच मागत नाही. मात्र चाचण्यांची खरी संख्या मागते. म्हणून संशोधन अहवालाचे परीक्षण करताना ‘चाचण्या स्वतंत्र होत्या काय?’ यापेक्षा ‘एकूण किती चाचण्या केल्या?’ हा प्रश्न आधी विचारला जाणे उचित ठरेल.