मूक आणि मुका : एका व्यंगचित्राचे वाचन

रविवार, 25 सप्टेंबर 2016. ‘सामना’च्या रविवारच्या पुरवणीत श्रीनिवास प्रभुदेसाई यांचे एक व्यंगचित्र छापून आले. राज्यभर निघत असलेल्या मराठा मूक मोर्चांवर ते होते. ‘मूक’चे ‘मुका’ केलेले आणि चित्रात चुंबन घेणारे जोडपे, एवढाच त्याचा ऐवज. दोन दिवसांत नवी मुंबईत वृत्तपत्राच्या छापखान्यावर दगड पडले आणि ठाण्याच्या कार्यालयावर शाई फेकली गेली. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर खासदार प्रतापराव जाधव आणि संजय रायमुलकर व शशिकांत खेडेकर हे दोन आमदार यांनी पक्षप्रमुखांकडे राजीनामे धाडल्याच्या बातम्या झळकल्या. ते तिघे पुढे पदांवर राहिलेच, तो भाग वेगळा. व्यंगचित्रकाराने क्षमा मागितली, आणि 1 ऑक्टोबरला उद्धव ठाकरे यांनी पत्रकार परिषद घेऊन माता-भगिनींची माफी मागितली.

या प्रकरणावर तेव्हा पुष्कळ लिहिले गेले, पण जवळपास सगळे भावना दुखावण्याच्या अधिकाराविषयी किंवा न दुखावण्याच्या कर्तव्याविषयी. चित्र वाचण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडले नाही. मला ते वाचून पाहायचे आहे.

प्रथम शब्द. ‘मूक’ हा संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, सभ्य आणि जाहीर कार्यक्रमाला शोभणारा. ‘मुका’ हा घरातला. गंमत अशी की ‘मुका मोर्चा’ हे व्याकरणाने पूर्ण निर्दोष आहे. मोर्चा पुल्लिंगी, म्हणून विशेषण ‘मुका’. अर्थ, न बोलणारा मोर्चा. मुका माणूस, मुकी जनावरे म्हणतो तसेच. म्हणजे नुसते हे दोन शब्द छापले असते तर कोणाला काही वाटले नसते. दुसऱ्या बाजूने, चुंबन घेणारे जोडपेही एकटे फार मोठा गुन्हा करत नाही. दोन्ही शेजारी आले की चित्र शब्दाचा एक अर्थ बंद करते आणि दुसराच उघडा ठेवते. आणि ‘मुका’ हा दुसऱ्या अर्थानेही मूळचा वाईट शब्द नाही. आजी नातवाचा मुका घेते. मोठ्या स्त्री-पुरुषांच्या चित्राखाली तो आला की मात्र त्याला चावटपणाचा वास येतो. म्हणून ‘ही नुसती शाब्दिक कोटी होती’ हा बचाव मला पटत नाही. कोटी शब्दाने केलेली नव्हती, चित्राने शब्दाकडून करवून घेतलेली होती.

आता हा चावटपणा पडला कुठे ते पाहू. जुलै 2016 मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या कोपर्डीत एका अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून तिची हत्या झाली. 9 ऑगस्टला औरंगाबादला पहिला मोर्चा निघाला. या मोर्चांची मांडणी ठरलेली होती : घोषणा नाहीत, पुढाऱ्यांची भाषणे नाहीत, सर्वांत पुढे मुली, त्यांच्यामागे स्त्रिया, मग पुरुष, आणि नेतेमंडळी शेवटी. जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचे तेही मुलींनीच. मौन हे त्या मोर्चाचे मुख्य चिन्ह, आणि ते चिन्ह धरून पुढे चालणारी व्यक्ती म्हणजे शाळा-कॉलेजातली मुलगी. अशा मौनावर चुंबनाची कोटी केली की ती आपोआप त्या मुलीच्या ओठांवर जाऊन बसते. काढणाऱ्याच्या मनात तसे नसेलही. पण चिन्हाला हात लावला की ते ज्याच्या अंगावर आहे त्यालाही हात लागतो. सिंदखेडराजा, जिजाऊंचे जन्मस्थान, ज्या जिल्ह्यात आहे तिथे हे जास्त झोंबले, यात नवल नाही.

माझा खरा आक्षेप मात्र आणखी वेगळा आहे. राजकीय व्यंगचित्रातली अतिशयोक्ती हवेत उगवत नाही. तिला वस्तुस्थितीत एक बीज लागते. नाक थोडे लांब असेल तर ते हातभर करता येते. नसलेले नाक लांबवता येत नाही. मोर्चात शृंगाराचे बीज कुठे होते? कुठेच नव्हते. म्हणून ते चित्र मोर्चाबद्दल काहीच सांगत नाही. ते फक्त मोर्चाच्या नावाबद्दल बोलते.

आणि काढण्याजोगे काही नव्हते म्हणावे तर तसेही नाही. ज्या पुढाऱ्यांच्या हाती वर्षानुवर्षे सत्ता होती तेच मोर्चाच्या शेपटाला मान खाली घालून चालत होते. त्यांच्या मौनाचा अर्थ मुलींच्या मौनापेक्षा अगदी निराळा होता. मोर्चाच्या मागण्यांत अॅट्रॉसिटी कायद्यात बदल करण्याची मागणी होती, आणि तिच्यामुळे दलित वस्त्यांत जी काळजी पसरली तिलाही या शांततेत आवाज नव्हता. एकाच मौनात दुःख, सोय आणि धाक अशा तीन गोष्टी मिसळल्या होत्या. त्यावर चित्र आले असते तर तेही बोचले असते, कदाचित जास्तच. पण बोचण्याला कारण असते. ‘मार्मिक’ ज्यांनी 1960 साली काढले ते बाळासाहेब स्वतः व्यंगचित्रकार. त्यांच्याच दैनिकात हे बीजावाचूनचे चित्र यावे, याची खंत वाटते.

उलट उदाहरण शंकर यांचे घ्या. 1949 सालच्या त्यांच्या चित्रात संविधान हा गोगलगाय आहे, तिच्यावर आंबेडकर बसले आहेत आणि मागे नेहरू चाबूक घेऊन उभे आहेत. संविधानाला वेळ लागत होता, हे बीज खरे होते. गोगलगाय त्याचीच अतिशयोक्ती. आंबेडकरांच्या हातातही चाबूक आहे, दोघांनाही ती गोगलगाय हाकायची आहे. पण हेच चित्र अकरावीच्या एनसीईआरटीच्या पुस्तकात असल्याचा वाद 2012 च्या मे महिन्यात पेटला, तेव्हा पाहणाऱ्याला गोगलगाय दिसलीच नाही. दिसला तो आंबेडकरांच्या पाठीमागचा चाबूक. त्या चाबकाला या देशात जो इतिहास आहे तो पाहता हे वाचन खोटे म्हणता येत नाही, मात्र ते 1949 चे नव्हे. पुण्यात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. तिथे चित्र पक्के होते आणि काळ सरकला होता. इथे काळ तोच होता, चित्रच कच्चे होते. दोन्ही वाद ‘भावना दुखावल्या’ या एकाच खणात टाकले की हा फरक हातचा जातो.

कच्च्या चित्राला दगड हे उत्तर आहे का? नाही. असीम त्रिवेदी यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा दाखल झाला होता. त्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने 2015 मध्ये जो निकाल दिला तो इथे उपयोगी पडतो. त्या चित्रांत संताप आणि तिटकारा आहे, विनोद किंवा उपरोध नाही, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले. आणि हिंसेची चिथावणी नसताना तेवढ्या कारणाने अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य काढून घेता येत नाही, असेही म्हटले. चित्र वाईट आहे हा निवाडा समीक्षकाचा आणि वाचकाचा. तो करण्याचे आपण टाळतो, म्हणून तो शाईची बाटली घेऊन आलेल्यांच्या हाती जातो.

एक अडचण अभ्यासकाची. ते चित्र बहुतेकांनी वर्तमानपत्रात पाहिलेच नाही. मोबाईलवर, कापलेल्या चौकोनात पाहिले. वर काय मजकूर होता, शेजारी कोणती चित्रे होती, ते त्या चौकोनात नाही. ग्रंथालये दैनिकाचे मुख्य अंक बांधून ठेवतात, पुरवण्या बहुधा रद्दीत जातात. त्या रविवारचे अख्खे पान कोणा वाचकाच्या माळ्यावर असेल, तर ते जपून ठेवावे.