सर्वोत्तम स्पष्टीकरणाचे अनुमान: बेगूरचा वीरगळ आणि रामन यांचे बेंगळुरूमधील व्याख्यान

बेंगळुरूला गेलात की कोणीतरी तुम्हाला या शहराच्या नावाची गोष्ट सांगतेच. होयसळ राजा वीर बल्लाळ दुसरा शिकारीच्या नादात वाट चुकला. रानातल्या एका म्हातारीने त्या भुकेल्या राजाला उकडलेले दाणे खायला घातले. राजाने कृतज्ञतेने त्या जागेला नाव दिले ‘बेंद काळ ऊरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव. बोलता बोलता त्याचे ‘बेंगळूरु’ झाले. गोष्ट छान आहे. राजा आहे, म्हातारी आहे, आणि नावातला प्रत्येक अवयव जागच्या जागी बसतो.

आता शहराच्या दक्षिणेकडच्या बेगूर गावातल्या नागेश्वर मंदिरात चला. तिथे जुन्या कन्नडमधला, गंग राजवटीच्या काळातला एक वीरगळ आहे. अभ्यासक त्याचा काळ सुमारे इ.स. 890 मानतात. नागत्तर नावाच्या सरदाराशी संबंधित असलेला एक वीर ‘बेंगळूरु’च्या लढाईत पडला, अशी त्यावर नोंद आहे. वीर बल्लाळ दुसरा गादीवर आला 1173 मध्ये. म्हणजे म्हातारीने दाणे शिजवायला घेतले त्याच्या पावणेतीनशे वर्षे आधीच लोक ‘बेंगळूरु’ हे नाव दगडावर कोरत होते.

या पाठात आपण ज्या तर्कप्रकाराचा विचार करणार आहोत, त्याला ‘सर्वोत्तम स्पष्टीकरणाकडे जाणारे अनुमान’ म्हणतात. हे नाव गिल्बर्ट हार्मन या अमेरिकी तत्त्वज्ञाने 1965 मध्ये दिले. पुस्तकांत त्याची मांडणी साधारण अशी असते: काही तथ्ये समोर आहेत, त्यांची अनेक स्पष्टीकरणे शक्य आहेत, त्यांपैकी एक इतरांपेक्षा सरस आहे, म्हणून ते खरे असावे. मग ‘सरस’ म्हणजे काय याची यादी येते: साधेपणा, व्याप्ती, आधीच्या ज्ञानाशी मेळ वगैरे. विद्यार्थी ही यादी पाठ करतात आणि परीक्षेत प्रत्येक स्पष्टीकरणाला गुण देत बसतात. माझा आक्षेप या गुणपत्रिकेवर आहे. या मांडणीत दोन वेगळी कामे एका ‘म्हणून’मध्ये कोंबली जातात. एक काम प्रतिस्पर्धी स्पष्टीकरण पाडण्याचे, दुसरे आपले स्पष्टीकरण उभे करण्याचे. पहिले काम झाले की दुसरे आपोआप झाले, असे आपण समजतो. तसे ते होत नाही.

बेगूरचाच दाखला पुढे नेऊ. दगडाने दाण्यांची गोष्ट पाडली का? गोष्टीचा कैवारी म्हणेल, “राजा बल्लाळ नसेल, आधीचा कोणी असेल.” ही दुरुस्ती तर्काच्या दृष्टीने अशक्य नाही. पण तिची किंमत पाहा. मूळ गोष्टीला एका नेमक्या राजाचे नाव होते, म्हणजेच ती चुकीची ठरण्याचा धोका पत्करत होती. दुरुस्तीनंतर राजा निनावी झाला, काळ सैल झाला, आणि आता कोणताही नवा शिलालेख सापडला तरी गोष्ट सुखरूप राहील. एखादे स्पष्टीकरण केवळ वाचवण्यासाठी वाकवले जात आहे हे ओळखण्याची ही खूण आहे: प्रत्येक दुरुस्तीनंतर ते आधीपेक्षा कमी सांगू लागते.

शिवाय या गोष्टीचे अस्तित्वच समजावून देणारे दुसरे स्पष्टीकरण हाताशी आहे. नाव आधी होते, त्याचा अर्थ विस्मरणात गेला, आणि ऐकू येणाऱ्या अवयवांवरून लोकांनी गोष्ट रचली. तुमच्या तालुक्याच्या गावाचे नाव आठवा; त्याचीही अशी एखादी गोष्ट असेलच. नावांवरून गोष्टी तयार होतात हे आपल्याला सर्वत्र दिसते. म्हणून गोष्टीमुळे नाव पडले असे म्हणण्यापेक्षा नावामुळे गोष्ट जन्मली असे म्हणणे अधिक सयुक्तिक. इथपर्यंतचे अनुमान मला भक्कम वाटते.

पण मग बेंगळुरूचे नाव कशावरून पडले? इथे अनेक लेखक घसरतात. दाण्यांची गोष्ट पाडली की लगेच ‘खरी’ व्युत्पत्ती हजर होते. कोणी म्हणतो बेंग नावाच्या झाडावरून, कोणी पांढऱ्या गारगोटीच्या दगडावरून, कोणी ‘पहारेकऱ्यांचे गाव’ असा अर्थ काढतो. यांपैकी प्रत्येक जण बेगूरच्या दगडाचा हवाला देतो. पण दगड फक्त एवढेच सांगतो की नाव तेव्हा होते. झाड, गारगोटी आणि पहारेकरी या तिघांशीही तो सारखाच सुसंगत आहे. जो पुरावा सर्व उमेदवारांना सारखाच मान्य असतो, तो त्यांच्यात निवड करू शकत नाही. बास व्हान फ्रासेन या तत्त्वज्ञाने 1989 मध्ये नेमका हा धोका दाखवला: आपल्याजवळची सगळीच स्पष्टीकरणे वाईट असतील, तर त्यांतले सर्वोत्तमही वाईटच असणार.

तुम्ही म्हणाल, इतिहासात पुरावा तुटपुंजा असतो, म्हणून असे होते. विज्ञानात प्रयोग करता येतात. म्हणून याच शहरातला दुसरा प्रसंग घेऊ. 16 मार्च 1928 रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बेंगळुरूमध्ये साउथ इंडियन सायन्स असोसिएशनपुढे ‘एक नवे प्रारण’ या विषयावर व्याख्यान दिले. प्रयोग कलकत्त्यात झाले होते. रामन बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले ते पुढे, 1933 मध्ये.

प्रश्न असा होता. द्रवातून प्रकाशाचा झोत सोडला की थोडा प्रकाश बाजूला विखुरतो. याला प्रकीर्णन म्हणतात, आणि त्यात रंग बदलत नाही असे मानले जात होते. पण झोताच्या वाटेत एक रंगीत काच आणि पाहणाऱ्याच्या डोळ्यापुढे तिला पूरक अशी दुसरी काच ठेवली, तर एक विचित्र गोष्ट दिसे. पहिली काच निळा-जांभळा प्रकाश तेवढा आत सोडते, आणि दुसरी नेमका तोच अडवते. रंग बदलत नसेल तर डोळ्याला पूर्ण अंधार दिसायला हवा. तरी मंद प्रकाश दिसत राही. म्हणजे काही प्रकाशाचा रंग वाटेत बदलला होता.

रामन यांचे विद्यार्थी के. आर. रामनाथन यांना हा मंद प्रकाश 1923 मध्येच दिसला होता. तेव्हाचे स्पष्टीकरण अगदी समंजस होते: द्रवात कसलीतरी अशुद्धी आहे आणि ती क्षीण प्रतिदीप्ती, म्हणजे फ्लुओरेसन्स, दाखवते. साधे, ओळखीचे, आधीच्या ज्ञानाशी जुळणारे. गुणपत्रिका काढली असती तर त्या वर्षी हेच स्पष्टीकरण पहिले आले असते!

ते पडले कसे ते नीट पाहा, कारण सौंदर्याच्या स्पर्धेत ते हरलेले नाही. त्याला आपला शब्द पाळायला लावले गेले. अशुद्धी हे कारण असेल, तर द्रव शुद्ध करत नेल्यावर प्रकाश कमी व्हायला हवा. रामनाथन यांनी निर्वात पात्रात पुन्हा पुन्हा सावकाश ऊर्ध्वपातन करून द्रव शुद्ध केला. प्रकाश गेला नाही. 1928 च्या सुरुवातीला वेंकटेश्वरन यांना शुद्ध ग्लिसरीनमध्ये विखुरलेला प्रकाश हिरवट दिसला, आणि तो बऱ्याच प्रमाणात ध्रुवित होता. सामान्य प्रतिदीप्तीकडून इतक्या ध्रुवणाची अपेक्षा नव्हती. मग रामन आणि कृष्णन यांनी सुमारे साठ द्रव तपासले. कमीअधिक प्रमाणात प्रत्येकात तोच परिणाम मिळाला. साठही द्रवांत योग्य अशी अशुद्धी योगायोगाने असावी, हे मानणे आता अवघड झाले. इथेही कैवारी म्हणू शकला असता की अशुद्धी कोणत्याही उपायाने न निघणारी आहे. पण मग ‘अशुद्धी’ या शब्दाचा अर्थ तरी काय उरला? वर ज्या खुणेबद्दल बोललो, ती हीच.

आता दुसरे काम. प्रतिदीप्ती नाही, मग हे काय आहे? रामन यांच्या डोळ्यापुढे कॉम्प्टन परिणाम होता. क्ष-किरण इलेक्ट्रॉनवर आदळून विखुरले की त्यांची तरंगलांबी वाढते, हे कॉम्प्टन यांनी 1923 मध्ये दाखवले होते आणि 1927 मध्ये त्यांना नोबेल मिळाले होते. मे 1928 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या रामन आणि कृष्णन यांच्या टिपणाचे शीर्षकच ‘कॉम्प्टन परिणामाचा प्रकाशीय प्रतिरूप’ अशा अर्थाचे होते. या सादृश्याने त्यांना वाट दाखवली यात शंका नाही. पण स्पष्टीकरण म्हणून ते टिकले नाही. दृश्य प्रकाशात जे घडते ती मोकळ्या इलेक्ट्रॉनशी होणारी टक्कर नसते. प्रकाश रेणूला थोडी ऊर्जा देतो किंवा त्याच्याकडून घेतो, आणि ही देवघेव रेणूच्या स्वतःच्या कंपनांच्या मापाने होते. म्हणून वर्णपटात नव्या ठळक रेषा दिसतात, आणि मूळ रेषेपासूनचे त्यांचे वारंवारतेतील अंतर त्या त्या पदार्थाचे खास असते. अशा प्रकीर्णनाची शक्यता स्मेकल यांनी 1923 मध्येच सिद्धान्तातून मांडली होती.

म्हणजे प्रयोगशाळेतही तेच घडले. ‘हे ते नव्हे’ हा निष्कर्ष आजही जागचा हललेला नाही. ‘हे असे आहे’ या विधानाचा पहिला मसुदा बदलावा लागला. फरक इतकाच की विज्ञानात दुसऱ्या कामासाठी नवी सामग्री मागवता आली. पाऱ्याच्या वाफेचा दिवा आणला, वर्णपटाचे छायाचित्र घेतले, आणि रेषांमधली अंतरे मोजता आली. इ.स. 890 च्या आधी बेंगळुरूला ते नाव का पडले हे विचारायला आपण नवा दिवा लावू शकत नाही. एखादा जुना लेख सापडण्याची वाट पाहावी लागते.

इथे आपल्या परंपरेतली अर्थापत्ती आठवेल. लठ्ठ देवदत्त दिवसा जेवत नाही, तर तो रात्री जेवत असला पाहिजे, हे मीमांसकांचे प्रसिद्ध उदाहरण. अनेक टिपणांत अर्थापत्ती आणि आपले अनुमान यांना एकच मानून मोकळे होतात. मला ते पटत नाही. मीमांसकांची अट जास्त कडक आहे: दुसऱ्या कोणत्याही प्रकारे उपपत्ती लागत नसेल तरच कल्पना करा. ‘इतरांपेक्षा बरे’ एवढ्यावर ते समाधानी नाहीत. बेंग झाडाचा पुरस्कर्ता या अटीपुढे क्षणभरही टिकणार नाही. दाण्यांच्या गोष्टीचा विरोधक मात्र बऱ्यापैकी तग धरेल.

एक धागा मी मुद्दाम मागे ठेवला होता. केंपेगौडा पहिला याने 1537 मध्ये आजच्या शहराचा पाया घातला. कोडिगेहळ्ळीजवळ ‘हळे बेंगळूरु’, म्हणजे जुने बेंगळूर, नावाची वस्ती आहे, आणि तिच्यावरून त्याने आपल्या नव्या गावाला नाव दिले असे सांगतात. मग बेगूरच्या दगडावरचा तो वीर कोणत्या बेंगळूरच्या लढाईत पडला? आज जिथे पेठ आहे तिथल्या, उत्तरेकडच्या त्या जुन्या वस्तीतल्या, की तिसऱ्याच एखाद्या गावातल्या? यांतल्या प्रत्येक उत्तराकडून आणखी काय सापडायला हवे, ते आधी कागदावर लिहून काढा. निवड त्यानंतर करा, किंवा करू नका.