रशियन संवादांतील नावे व संबोधने

रशियन कादंबऱ्या मराठीत येतात त्या बहुधा इंग्रजीच्या वाटेने. इंग्रजीत 'यू' हे एकच सर्वनाम असल्याने राजा, चाकर, पत्नी व शत्रू या सर्वांना त्याच एका शब्दाने हाक मारली जाते. रशियन भाषेत मात्र आपल्याप्रमाणेच 'ती' म्हणजे तू आणि 'वी' म्हणजे तुम्ही असा भेद आहे. म्हणजे मूळ ग्रंथात जे होते व मराठीत जे सहज येऊ शकले असते, ते मधल्या मुक्कामी गळून पडते. मग मराठी भाषांतरकार ते आपल्या अंदाजाने पुन्हा बसवतो. हा अंदाज कोठे चुकतो व का चुकतो, हे टॉलस्टॉयच्या 'आन्ना कारेनिना' या 1875 ते 1877 या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या एकाच कादंबरीवरून पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

आरंभ पितृनामापासून करू. रशियन माणसाच्या नावात स्वतःचे नाव, बापाच्या नावावरून साधलेले पितृनाम व आडनाव असे तीन भाग असतात. मराठी वाचकाला ही रचना ओळखीची वाटते आणि नेमका तेथेच तो फसतो. आपल्याकडे विवाहित स्त्रीच्या नावामागे परंपरेने पतीचे नाव लागते. रशियन स्त्रीचे आडनाव लग्नानंतर बदलते, पितृनाम मात्र जन्मभर बापाचेच राहते. आन्ना अर्काद्येव्ना कारेनिना हे नाव वाचून कोणी अर्कादी हा तिचा पती समजेल, तर ती शुद्ध चूक होय. अर्कादी हा तिचा पिता. तिच्या भावाचे नाव स्तेपान अर्काद्येविच ऑब्लोन्स्की. आडनावे भिन्न असली तरी ही सख्खी भावंडे आहेत, हे पितृनामच सांगते. उलट लेविनचे नाव कॉन्स्टान्टिन द्मित्रिच, आणि त्याच्या वडील भावाचे सेर्गेय इवानोविच. आई एक, बाप दोन, ही गोष्ट या दोन नावांत आधीच सांगून झालेली असते.

नाव व पितृनाम जोडून बोलावणे ही रशियन सभ्यतेची नित्याची रीत आहे. आपल्या 'राव' किंवा 'साहेब' यांच्या जवळ ती येते, पण तिला त्यांची जागा देता येत नाही. देवलांच्या 'झुंझारराव' नाटकात ऑथेल्लोला मराठी नावाने वावरता येते, कारण तेथे सारे जगच इकडचे केलेले आहे. जेथे बर्फ, समोवार व पीटर्सबर्ग जागच्या जागी ठेवले, तेथे 'अलेक्सेयराव' म्हटल्याने केवळ हसू येईल. शिवाय या कादंबरीत पितृनामावर कथेचा भार आहे. आन्नाच्या पतीचे नाव अलेक्सेय अलेक्सान्द्रोविच कारेनिन व प्रियकराचे अलेक्सेय किरीलोविच व्रोन्स्की. चौथ्या भागाच्या सतराव्या प्रकरणात ती तापाच्या भरात अलेक्सेयविषयी बोलू लागते. मग कोणता अलेक्सेय हे कळावे म्हणून तिला पतीचे पितृनाम उच्चारावे लागते, आणि दोघेही अलेक्सेयच असावेत या दैवयोगाचे तिचे तिलाच नवल वाटते. निवेदनातही टॉलस्टॉय पतीला बहुतेक सर्वत्र नाव-पितृनामाने व प्रियकराला आडनावाने संबोधतो. वाचकाच्या सोयीसाठी भाषांतरकाराने सर्वत्र 'कारेनिन' व 'व्रोन्स्की' एवढेच ठेवले, तर ज्वरातील हे उद्गार अकस्मात आकाशातून पडल्यासारखे वाटतील.

आता सर्वनामांकडे वळू. पहिल्या भागाच्या चौथ्या प्रकरणात स्तेपान अर्काद्येविच पत्नीची क्षमा मागावयास जातो. मुलांच्या शिक्षिकेशी त्याचा संबंध असल्याचे दॉलीला कळले आहे. रशियन उमरावांच्या घरी पतिपत्नी परस्परांना 'तू' म्हणतात; परंतु आज दॉली त्याच्याशी 'तुम्ही' म्हणून बोलते. तो दार उघडून आत आला आहे, पण या एका सर्वनामाने त्याला घराबाहेर उभे केले आहे. बोलता बोलता मुलांचा विषय निघतो आणि रागाच्या भरात तिच्या तोंडून जुना 'तू' निसटतो. टॉलस्टॉय हे निवेदनात मुद्दाम नोंदवतो: तो कृतज्ञतेने तिच्याकडे पाहतो, तिचा हात धरू जातो, आणि ती किळसून मागे सरते. पुढच्याच बोलण्यात पुन्हा 'तुम्ही'. सारा संसार या दोन सर्वनामांत क्षणभर जुळतो व तुटतो.

कॉन्स्टन्स गार्नेटबाईंनी 1901 च्या आपल्या इंग्रजी भाषांतरात येथे काय करावे? इंग्रजीत 'तू' नाही. त्यांनी दॉलीच्या वाक्यात पतीचे लाडके नाव 'स्तीवा' घातले, आणि तिने त्याला 'स्तीवा' म्हटले म्हणून तो कृतज्ञ झाला, असे लिहिले. इंग्रजीपुरता हा उपाय चतुर आहे. पण तो जसाच्या तसा मराठीत आला की काय होते पाहा. आपल्या घरांत पिढ्यान् पिढ्या पत्नीने पतीचे नाव घेतले ते उखाण्यात, तेही आग्रहाखातर. भांडणाच्या ऐन भरात पत्नी पतीला नावाने हाक मारते, हे जुन्या वळणाच्या मराठी कानाला मार्दव वाटत नाही, तो अधिक्षेप वाटतो. मूळ 'तू' हा मराठीत जसाच्या तसा उपलब्ध असताना त्याच्या इंग्रजी पर्यायाचे भाषांतर करणे म्हणजे घरात दूध असता शेजाऱ्याकडून ताक मागून आणण्यासारखे आहे.

परंतु मूळ सर्वनाम ठेवले म्हणजे अडचण संपली असे नाही. मराठी रीतीप्रमाणे पत्नीचा पतीला 'अहो' व 'तुम्ही' हा नित्याचा आदर. तिने 'अरे-तुरे' करणे हा क्रोधाचा कळस. रशियन दॉलीचा 'तुम्ही' हा तुटलेपणा आहे आणि तिचा 'तू' हा जिव्हाळ्याचा अवशेष. अर्थाची दिशाच उलटी! तेव्हा कोणी सुचवील की पत्नीचा नित्याचा 'तू' मराठीत 'तुम्ही' करावा आणि दुराव्याचा 'तुम्ही' हा 'आपण' करावा. या सूचनेत तथ्य आहे. शब्दांची चढण तीच राहते व मराठी घराची रीतही मोडत नाही. तरीही आम्ही ती स्वीकारणार नाही. एक तर पती 'तू' म्हणणार व पत्नी 'तुम्ही', म्हणजे रशियन दांपत्यातील जी सर्वनामाची बरोबरी आहे ती नाहीशी होते. दुसरे असे की, हीच कादंबरी पुढे या बरोबरीवर दोन प्रसंग उभे करते.

त्यातील पहिला दुसऱ्या भागाच्या बाविसाव्या प्रकरणात आहे. घोड्यांच्या शर्यतीपूर्वी व्रोन्स्की आन्नाला तिच्या उन्हाळी बंगल्यावर भेटतो आणि फ्रेंचमधून बोलतो. टॉलस्टॉय कारण देतो: रशियनमधील 'तुम्ही' आता त्या दोघांत अशक्य इतका थंड, आणि 'तू' धोक्याचा. दुसरा प्रसंग तिसऱ्या भागाच्या चौदाव्या प्रकरणातला. आन्नाच्या कबुलीनंतर पती तिला पत्र लिहितो, तेही फ्रेंचमध्ये आणि संबोधनाशिवाय. कारण फ्रेंच 'व्हू' मध्ये रशियन 'तुम्ही'चा थंडपणा नाही. प्रियकर व पती दोघेही एकाच सर्वनामाच्या आडोशाला जातात. ज्या भाषांतरात आन्ना पहिल्यापासून पतीला आदराने 'तुम्ही' म्हणत आली आहे, त्यातील वाचक येथे विचारील, 'तुम्ही'त थंड ते काय? आणि त्याच्या प्रश्नाला उत्तर नसेल. म्हणून पतिपत्नींचा 'तू' परस्परांत तसाच ठेवावा व प्रस्तावनेत एका वाक्यात ही रशियन रीत सांगावी. दॉलीचा प्रसंग चौथ्याच प्रकरणात येतो आणि तेथे ग्रंथकार स्वतःच अर्थ सांगतो, हे भाषांतरकाराचे भाग्य. एवढे शिकलेला वाचक पुढे चुकणार नाही.

राहता राहिली लाडकी नावे. येथे मराठीचा एक निराळाच सापळा आहे. कॉन्स्टान्टिनचे लाडके रूप कोस्त्या, द्मित्रीचे मित्या, सोफ्याचे सोन्या. रशियन कानाला ही रूपे मायेची. मराठीत 'या'ने शेवट झाला की शंकरचा शंकऱ्या व गणपतचा गणप्या होतो. ते नाव हलके होते आणि पुल्लिंगीही ठरते. किटी आपल्या पतीला 'कोस्त्या' म्हणते तेव्हा मराठीत ती चाकराला हाका मारीत असल्याचा भास होतो. आणि सोन्या नावाची तरुणी 'सोन्याला' या रूपात आली की सराफाचे दुकान आठवते. आमची सूचना साधी आहे: जोडाक्षर फोडून कोस्तिया, मितिया, सोनिया असे लिहावे. उच्चार किंचित लांबतो, पण हेटाळणी नाहीशी होते.

याचा दुसरा लाभ आठव्या भागाच्या अकराव्या प्रकरणात दिसतो. लेविनच्या शेतावर फ्योदोर नावाचा शेतकरी दोन माणसांची तुलना करतो. एक लोकांना पिळून पैसे काढतो, दुसरा देवाला स्मरून आत्म्यासाठी जगतो. पहिल्याला तो मित्यूखा म्हणतो, आणि ही तुच्छतेची हाक असल्याचे टॉलस्टॉय कंसात नोंदवतो. दुसऱ्या, प्लातोन नावाच्या म्हाताऱ्याला तो फोकानिचकाका म्हणतो. नुसत्या पितृनामाने हाक मारणे ही खेड्यातील वडीलधाऱ्यांच्या आदराची व सलगीची रीत. हेच संभाषण लेविनच्या अंतःकरणाला नवे वळण देते, आणि त्यातील निवाडा नावांच्या प्रत्ययांनी आधीच दिलेला असतो. दोघांचीही पाळण्यातली नावे छापणारा भाषांतरकार तो निवाडा पुसून टाकतो. येथे मात्र आपला तो हेटाळणीचा 'या' कामाला येतो: मायेच्या ठिकाणी 'मितिया' लिहिणाऱ्याने येथे निःशंक 'मित्या' लिहावे. फोकानिचला तेवढा सोयीचा प्रत्यय आमच्याजवळ नाही; 'काका' या शब्दावरच भागवावे लागेल.

जेथे नाव व लाडके नाव यांचा ध्वनीने काही संबंध नसतो, तेथे तर काहीच बदलू नये. पाचव्या भागात आन्ना चोरून आपल्या मुलाला भेटावयास येते आणि निघताना त्याला 'कूतिक' म्हणते. सेर्योझा तान्हा असताना ती त्याला याच नावाने हाक मारी. त्याचे 'बाळ' केल्याने अर्थ कळेल, पण 'बाळ' कोणीही म्हणू शकते. 'कूतिक' म्हणणारे त्या घरात एकच माणूस होते, आणि त्या दिवशी त्या माणसाला पती येण्यापूर्वी घराबाहेर पडावयाचे होते.