आवाज ठेवायचा की नजर मोकळी ठेवायची?

मराठी व्हिडिओ परदेशी प्रेक्षकापर्यंत न्यायचा तर दोन वाटा असतात : खाली इंग्रजी उपशीर्षके द्यायची, नाहीतर बोलणेच इंग्रजीत डब करायचे. ही निवड बहुधा खर्चावरून ठरते. माझे म्हणणे असे, की ती प्रत्येक प्रसंगात प्रेक्षकाची नजर कुठे हवी आहे, यावरून ठरावी.

एक साधे वाक्य घेऊ. पुरणपोळीच्या व्हिडिओत सासू सुनेला सांगते : ‘अगं, पोळी लाटताना हात हलका ठेव, नाहीतर पुरण बाहेर येतं बघ.’ हे बोलायला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. इंग्रजी उपशीर्षकांसाठी एका ओळीत ४२ चिन्हे, एका वेळी दोन ओळी आणि वाचनाचा वेग सेकंदाला सुमारे १७ चिन्हे, असा हिशोब बरेच उपशीर्षककार धरतात. स्पेस आणि विरामचिन्हेही त्यात मोजली जातात. म्हणजे या वाक्याला साठाच्या आत बसायचे आहे. शब्दशः भाषांतर ऐंशीच्या पुढे जाते. तेव्हा काटछाट अटळ. ‘रोल लाइटली, ऑर द फिलिंग विल बर्स्ट आउट’ असे केले, तर रोमन लिपीत ४४ चिन्हे होतात. वेळेत बसते, पण एका ओळीत मावत नाही. ‘फिलिंग’च्या जागी ‘पुरण’ ठेवले, की नेमकी ४२. फायदा दोन चिन्हांपुरताच नाही. प्रेक्षकाच्या कानावर ‘पुरण’ हा शब्द पडत असतो, तोच त्याला खाली दिसतो, आणि न शिकवता त्याला एक मराठी शब्द मिळतो.

गेले ते ‘अगं’ आणि ‘बघ’. त्या दोन शब्दांत नाते होते. सासू धाक घालत नाही, जवळ घेऊन सांगते. इंग्रजी ओळीत उरते ती कोरडी सूचना. तरीही मी या कपातीला हरकत घेत नाही, कारण सासूचा आवाज कायम आहे. शब्द न कळणाऱ्यालाही तिचा सूर कळतो. उपशीर्षक चांगले आहे का, हे ठरवताना फक्त ओळ वाचून भागत नाही. ती त्या आवाजासोबत वाचावी लागते.

पण इथेच उपशीर्षकाची मर्यादाही आहे. सासू बोलते तेव्हा शिकायचे असते ते तिच्या हातांकडे बघून. प्रेक्षक खाली वाचत असताना लाटण्याखाली पोळी फिरून जाते. हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. व्हिडिओ मूक करा आणि भाषा न जाणणाऱ्यासारखा फक्त उपशीर्षकांवरून बघा. ओळ संपवून नजर वर नेईपर्यंत कृती उरकली असेल, तर तिथे उपशीर्षक अपुरे आहे. अशा जागी डबिंग उपयोगी पडते. कॅमेरा हातांवर असल्याने ओठांच्या हालचालींशी शब्द जुळवण्याची कटकट नसते. वरचे आठ शब्दांचे इंग्रजी वाक्य साडेतीन सेकंदांत सावकाश बोलता येते. मूळ आवाज पुसून न टाकता पहिले शब्द पूर्ण ऐकू द्यावेत, मग तो हळू करून त्यावर इंग्रजी निवेदन चढवावे. माहितीपटांत ही पद्धत जुनी आहे. यूट्यूबवर आता एकाच व्हिडिओला अनेक भाषांचे ध्वनिपट जोडता येतात, त्यामुळे मूळ मराठी ऐकू इच्छिणाऱ्याचे काही जात नाही.

याच्या उलट टोकाला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ आहे. २०१४ साली व्हेनिसच्या महोत्सवात तो प्रथम दाखवला गेला. त्यात मराठी, हिंदी, गुजराती आणि इंग्रजी या चारही भाषा बोलल्या जातात. बचावाचा वकील घरी गुजराती बोलतो, सरकारी वकील बाई घरी मराठी बोलतात, आणि न्यायालयात साक्षीचे शब्द न्यायाधीशांच्या तोंडून इंग्रजी होऊन नोंदीत जातात. चित्रपटाचा मोठा आशय या भाषाबदलातच आहे. उपशीर्षकांत मात्र सगळेच इंग्रजी होते. परदेशी प्रेक्षकाला पात्राने भाषा बदलली, हे वाचून कळत नाही. कळलेच तर ते ऐकूनच. असा चित्रपट एकाच भाषेत डब केला, तर साक्षीदाराची भाषा आणि नोंदीची भाषा यांतले अंतरच नाहीसे होईल. उपशीर्षककाराला इथे थोडी मदत करता येते. इंग्रजीतच बोललेली वाक्ये तिरप्या अक्षरांत द्यावीत, म्हणजे भाषा बदलल्याची खूण डोळ्यांनाही मिळते.

म्हणून संपूर्ण व्हिडिओला एकच नियम लावू नये. जिथे हात शिकवतात तिथे नजर मोकळी ठेवावी आणि इंग्रजी कानाला द्यावे. जिथे माणूस कोण आहे हे त्याच्या बोलण्यातून कळते, तिथे त्याचा आवाज राखावा आणि इंग्रजी डोळ्यांना द्यावे. पुरणपोळीच्या त्याच व्हिडिओत लाटणे थांबते आणि सासू आपल्या माहेरची आठवण सांगू लागते. तिथे निवेदकाने गप्प बसावे.