थांबवलेला व्हिडिओ

पॉल चॅडविक, मॅक्स बर्चवूड आणि पीटर ट्रॉवर यांचं १९९६ साली आलेलं पुस्तक भ्रम, संशय आणि कानात येणारे आवाज यांवरच्या उपचारांबद्दल आहे. त्यातला नायजेलचा प्रसंग मी पुन्हा पुन्हा वाचतो. नायजेल हे अर्थातच बदललेलं नाव. समोरचा काय बोलणार हे त्याच्या तोंडून निघण्याआधीच आपल्याला कळतं, अशी त्याची पक्की खात्री. मग व्हिडिओ लावायचा, मध्येच थांबवायचा आणि पुढचं वाक्य नायजेलनं सांगायचं, असं त्यानं आणि उपचार करणाऱ्यानं मिळून ठरवलं. पन्नासहून अधिक वेळा व्हिडिओ थांबला. एकही उत्तर बरोबर आलं नाही. आपल्यात ती शक्ती नाही, असा निष्कर्ष नायजेलनंच काढला.

या प्रसंगाची गोडी मला त्याच्या आखणीत वाटते. उपचार करणारा कुठेही ‘हा तुझा भ्रम आहे’ म्हणत नाही. तो दाव्याचा मान राखतो: शक्ती असेल तर ती दिसेल, चला बघू. निकाल देणारा न्यायाधीश खोलीत नाहीच, आहे फक्त टीव्ही. आणि कसोटी आधी दोघांना मान्य, मग सुरुवात. हा क्रम उलटला तर तीच चाचणी त्या माणसाला फसवणूक वाटते आणि तो पुढच्या वेळी येत नाही.

पण प्रसंग जरा जास्तच पटकन संपतो, अशी माझी तक्रार आहे. टीव्हीसमोरच्या त्या खुर्चीपर्यंत माणूस येतो कसा, हा भाग मोठा. म्हणून तीच आखणी पाटसला लावून पाहतो. माणूस काल्पनिक, जागा खरी. पुणे-सोलापूर महामार्गावर पाटसच्या फाट्याजवळ राहणाऱ्या एका तरुण शेतकऱ्याला वाटतं की भाऊबंदांनी पैसे चारलेत, म्हणून ट्रकवाले त्याला बघूनच हॉर्न देतात. औषधं चालू आहेत, झोप सुधारली आहे, संशय मात्र गेलेला नाही.

पहिल्या भेटींत हॉर्नवर वाद घालायचा नाही. जमिनीचा वाद, बंद झालेलं बोलणं, घराबाहेर पडताना होणारी धडधड हे ऐकायचं. “दादा, एवढे दिवस हे सोसून शेत कसं सांभाळलंत?” हा प्रश्न ‘तुम्हाला असं का वाटतं?’ यापेक्षा जास्त दारं उघडतो.

मग त्याला एकटेपणातून बाहेर काढायचं. शेतीची लाईट रात्रीची असली की उसाला पाणी द्यायला सलग जागरणं होतात, आणि अशा जागरणात कुणीतरी नावानं हाक मारल्यासारखं पुष्कळांना ऐकू येतं. वेल्समध्ये डेवी रीस या डॉक्टरांनी १९७१ साली नोंदवलं की जोडीदार गेलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो माणूस अजून जवळ असल्याचा अनुभव येत होता. हे सांगताना सूर सांभाळावा लागतो. ‘सगळ्यांनाच होतं’ असं म्हणून त्याचा त्रास किरकोळ करून टाकला, तर विश्वास तिथेच तुटतो. सांगायचं एवढंच की थकलेलं, धास्तावलेलं मन असं करू शकतं, आणि आपल्याबाबतीतही तसं असेल का, हे तपासता येतं.

आता चाचणी. खात्री शंभरपैकी किती, हे तो आधी सांगतो, समजा पंच्याण्णव. मग एक प्रश्न, जो घाईत राहून जातो: “तुम्ही दिसत नसतानाही तेवढेच हॉर्न वाजले, तर काय म्हणाल?” तो म्हणाला, “त्यांना चाचणीची खबर लागली असेल,” तर अजून वेळ आलेली नाही; आणखी बोलायचं. “मग विचार करावा लागेल,” म्हणाला, तर पुढे जायचं. पंधरा मिनिटं रस्त्यालगत दिसेल असं उभं राहून हॉर्न मोजायचे, पंधरा मिनिटं टपरीच्या मागे, जिथून तो दिसत नाही पण हॉर्न ऐकू येतात. दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर मोजायचं, क्रम बदलून पुन्हा मोजायचं. दोन्ही वेळा रहदारी सारखी हवी, कारण हंगामात भीमा कारखान्याकडे उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली की आकडा तिच्यामुळेच फुगेल. आणि उपरणं तोंडाला गुंडाळून उभं राहायचं नाही. नाहीतर हॉर्न कमी भरले तरी श्रेय उपरण्याला जातं.

दोन्ही आकडे जवळपास सारखे निघाले, तरी तो नायजेलसारखा एका फटक्यात मोकळा होईलच असं नाही. पंच्याण्णवाचे साठ झाले आणि तो बाजाराला एकटा गेला, तर मी समाधानी असेन. कधी खात्री तशीच राहते, भीती मात्र उतरते. हेही मोजायला विसरू नये. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करायला सांगणारा आवाज असेल, तर मात्र हुकूम मोडून बघण्याची चाचणी नंतर. आधी सुरक्षितता आणि मनोविकारतज्ज्ञांना तातडीचा फोन.