सूर्य म्हणजे उन्हाळा नव्हे : एका रिमोटचे परीक्षण

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी येथे आमच्या एका शिक्षकमित्राकडे गेल्या एप्रिलमध्ये एक जुना एअर कंडिशनर आला. त्याच्या रिमोटवरील सारी अक्षरे चिनी होती. 'अक्षरे कळली नाहीत तरी चित्रे आहेतच की,' असे म्हणून त्यांनी तो वापरायला घेतला आणि आठच दिवसांत मेकॅनिकला बोलावण्याची वेळ आली. यंत्र धडधाकट होते. दोष चित्रांचा होता, असे आमचे मत आहे.

एकच बटण दाबत गेले की पडद्यावर आळीपाळीने पाच चिन्हे येतात : गोल फिरणारे बाण, हिमकण, थेंब, पंखा आणि सूर्य. बाहेर रणरणते ऊन, म्हणून घरातल्यांनी सूर्य निवडला. तर्क वावगा नव्हता. पण ही चित्रे बाहेरच्या हवेची नसून यंत्राच्या कामाची आहेत. सूर्य म्हणजे खोली तापवणे. खोली मागितलेल्या तापमानापेक्षा आधीच गरम असल्यामुळे यंत्राला तापवण्याचे कारणच उरले नाही आणि ते गप्प बसले. मग थेंब निवडला. कूलरची सवय असलेल्या माणसाला थेंब म्हणजे पाणी आणि पाणी म्हणजे गारवा वाटणारच. प्रत्यक्षात थेंबाचा अर्थ हवेतील बाष्प काढून टाकणे असा आहे. त्यात पंखा मंद फिरतो व कॉम्प्रेसर अधूनमधून चालतो. मराठवाड्यातील कोरड्या एप्रिलमध्ये त्याचा उपयोग थोडा; ऑगस्टच्या दमट रात्री मात्र तो चांगला.

गंमत अशी की, ज्या अक्षरांना आपण बिचकलो तीच अधिक प्रामाणिक निघाली. थंड करण्यासाठी 制冷 आणि तापवण्यासाठी 制热 असे लिहिलेले होते. पहिले अक्षर दोन्हींत एकच आहे, फरक दुसऱ्यात. 冷 च्या डाव्या कडेचे दोन छोटे फटकारे ही बर्फाची खूण, तर 热 च्या तळाचे चार ठिपके ही विस्तवाची. खाली चार ठिपके दिसले की ते उष्णतेचे, एवढे ध्यानात ठेवले तरी उन्हाळ्याचे काम भागते.

तरीही खात्री प्रयोगानेच करावी. एक चिन्ह निवडून निदान पाच मिनिटे थांबावे, कारण बंद झालेला कॉम्प्रेसर पुन्हा सुरू होण्यापूर्वी यंत्र सुमारे तीन मिनिटे मुद्दाम थांबते. घाईने बटणे दाबणाऱ्याला म्हणूनच काहीच उमगत नाही. मग प्रयोगशाळेतील थर्मामीटर आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेत धरावा. बाहेर येणारी हवा दहा अंशांच्या आसपास थंड असेल तर यंत्र खरोखर थंड करीत आहे. नुसत्या रिमोटच्या पडद्यावर विसंबू नये. रिमोट यंत्राला सांगतो. यंत्र रिमोटला उलट काही सांगत नाही.

हिमकण सापडल्यावर दुसरा घोटाळा झाला. पडद्यावर ७५ हा आकडा होता. तो २४ वर आणण्यासाठी मित्र बटण दाबत राहिले; आकडा ६१ वर अडला. त्यांनी तो तसाच सोडला. रात्रभर कॉम्प्रेसर थांबला नाही. आकडे फॅरनहाइटचे होते. ७५ मधून ३२ वजा केले की ४३ उरतात. त्यांना ५ ने गुणून ९ ने भागले की जवळजवळ २४ येतात. म्हणजे हवे ते तापमान आधीच लावलेले होते! ६१ म्हणजे मात्र १६ अंश, यंत्राची नीचतम मर्यादा. दीड टनाचे यंत्र असे अखंड चालले तर आठ तासांत साधारण १२ युनिट वीज जाते. बऱ्याच रिमोटवर तापमान वाढवण्याचे व कमी करण्याचे बटण एकत्र दाबले की एकक बदलते आणि कोपऱ्यातील बारीक C किंवा F कोणी पाहत नाही. ओळखण्याची रीत सोपी आहे : आकडा दोन्ही टोकांना नेऊन पाहावा. १६ ते ३० च्या आसपास अडला तर सेल्सिअस, ६१ ते ८६ च्या आसपास अडला तर फॅरनहाइट.

टायमरवर घड्याळाचे चित्र असते, पण ते अर्धेच सांगते. 定时 म्हणजे वेळ ठरवणे. पुढे 开 असेल तर त्या वेळी यंत्र सुरू होईल, 关 असेल तर बंद. पुष्कळ रिमोटवर एकच बटण दोन्ही कामे करते : यंत्र चालू असताना बंद होण्याची वेळ, बंद असताना सुरू होण्याची. आकडा अर्ध्या-अर्ध्या तासाने वाढत असेल तर तो 'इतक्या तासांनी' असा वाचावा, घड्याळातील वेळ म्हणून नव्हे.

चित्रांना भाषा लागत नाही, हा समज या रिमोटने खोटा ठरवला. चित्रलिपीही शिकावीच लागते, आणि सूर्याचे चित्र काढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कडाक्याची थंडी होती, आपला एप्रिल नव्हता. सूर्याऐवजी वर जाणारा बाण असलेला थर्मामीटर आणि आकड्याला चिकटून ठळक C, एवढे केले असते तरी मेकॅनिकची फेरी वाचली असती.