चेहरा टिकला, की बदललाच नाही?

फोटोचं कार्टून करणाऱ्या मॉडेल्सवरचे पेपर वाचताना एक दावा तुम्हाला वारंवार भेटेल: 'आमचं मॉडेल माणसाची ओळख जास्त चांगली टिकवतं.' तिथे थांबा आणि विचारा, किती बदल करून टिकवतं?

२०१८ चं कार्टूनगॅन घ्या. त्याचा जनरेटर फोटो घेतो आणि एकाच फेरीत कार्टून देतो. ट्रेनिंगमध्ये मूळ फोटो आणि कार्टून यांची व्हीजीजी नेटवर्कमधली फीचर्स जुळवणारा लॉस असतो. म्हणजे नाक-डोळ्यांची जागा हलली की दंड बसतो. म्हणून माणूस ओळखू येतो. पण डोळे मोठे होत नाहीत, हनुवटी टोकदार होत नाही. बदलतात ते मुख्यतः रंग, पोत आणि कडा.

स्टेबल डिफ्यूजनच्या इमेज-टू-इमेज पद्धतीत फोटोवर आधी नॉइज टाकतात, मग तो पायरीपायरीने काढतात. किती टाकायचा हे `strength` ठरवतं. डिफ्यूजर्स लायब्ररीत ५० पायऱ्या आणि ०.६ दिलं, तर प्रत्यक्षात ३० पायऱ्या चालतात. गायडन्समुळे प्रत्येक पायरीला दोनदा हिशोब होतो, म्हणजे यू-नेटचे ६० हिशोब. गॅनला एक फेरी पुरते. वेगातला फरक इथून येतो.

आता `strength` ०.३ ठेवलं तर फोटो बराचसा तसाच राहतो. ०.८ केलं तर कार्टून झकास, पण माणूस भलताच! नॉइजने पुसलेला तपशील मॉडेल अंदाजाने भरतं, म्हणून असं होतं. छोट्या चेहऱ्यांचे हाल जास्त. ५१२ पिक्सेलच्या फोटोचा लेटंट ६४ खान्यांचा असतो, म्हणजे ६४ पिक्सेल रुंद चेहऱ्याच्या वाट्याला फक्त आठ खाने येतात. ग्रुप फोटोत मागच्या रांगेवर आधी नजर टाका.

नियंत्रणात मात्र डिफ्यूजन पुढे आहे. प्रॉम्प्ट बदलला की शैली बदलते, कंट्रोलनेटने कडा धरून ठेवता येतात. कार्टूनगॅनला नवी शैली हवी तर नवं ट्रेनिंग. पण कडा टिकल्या म्हणजे ओळख टिकली असं समजू नका; तोच आराखडा दुसऱ्या कुणाचाही होऊ शकतो.

माझा खरा आक्षेप मोजमापावर आहे. ओळख बहुधा आर्कफेससारख्या मॉडेलच्या कोसाइन साम्याने मोजतात. काहीच न करता मूळ फोटोच परत दिला, तर गुण मिळतो पूर्ण १! कमी बदल करणाऱ्याला हे मोजमाप आपोआप झुकतं माप देतं. शिवाय आर्कफेस खऱ्या चेहऱ्यांवर शिकलेलं आहे. मोठे डोळे काढले की माणसाला ओळख पटते, त्याला पटेलच असं नाही.

म्हणून तुम्ही तुलना कराल तेव्हा `strength` ०.२ पासून ०.८ पर्यंत बदलत न्या. एका अक्षावर ओळख, दुसऱ्यावर कार्टूनपणा (उदा. कार्टूनच्या संचाशी काढलेला एफआयडी) घ्या. डिफ्यूजनची रेषा मिळेल, गॅनचा एक बिंदू. मूळ फोटोचाही बिंदू त्यात टाका. गॅनचा बिंदू त्याला चिकटून बसला असेल, तर 'ओळख टिकवली' या दाव्यात फारसा दम नाही. तो रेषेच्या वर असेल, म्हणजे तेवढ्याच कार्टूनपणाला ओळख जास्त देत असेल, तर दावा खरा.